तीनशे पाने तासाभरात, आणि चार प्रकरणांना महिना

"आमच्या वाचनगटाने या वेळी पद्यात लिहिलेल्या दोन इंग्रजी कादंबऱ्या निवडल्या आहेत. जेसन रेनॉल्ड्स यांची 'लाँग वे डाउन' मी तासाभरात संपवली, पण मिटल्यावर आपण काही वाचलेच नाही असे वाटत राहिले. विक्रम सेठ यांच्या 'द गोल्डन गेट'ची मात्र महिन्याभरात चारच प्रकरणे झाली आहेत. यमकांचा ताल कानाला थकवतो आणि त्या तालात माणसे हरवून जातात. दोन्ही पुस्तके मी फोनवर वाचते आहे. चूक माझ्या वाचनाची की पुस्तकांची? गटात यावर काय बोलावे? आणि पुस्तकाला हात न लावणाऱ्या माझ्या नववीतल्या भाच्याला यांपैकी एखादे द्यावे का?"
— एक वाचक, सांगली

सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या तासाभराचा हिशेब करू, म्हणजे मनातली रुखरुख कमी होईल. 'लाँग वे डाउन' हे छापील पुस्तक तीनशेच्या आसपास पानांचे आहे, पण त्यातले शब्द माझ्या अंदाजाने बारा-तेरा हजारांच्या पुढे जात नाहीत. सरावलेला वाचक इंग्रजी कथात्म गद्य मनातल्या मनात मिनिटाला अडीचशे शब्दांच्या आसपास वाचतो. त्या वेगाने हे पुस्तक पन्नास मिनिटांत संपायलाच हवे. खुद्द लेखकाने केलेले त्याचे ध्वनिवाचनसुद्धा दोन तासांच्या आत संपते. म्हणजे तुम्ही घाई केली असे निव्वळ वेळेवरून म्हणता येणार नाही. पानांची संख्या पाहून आपण मनात पुस्तकाची एक लांबी धरतो आणि ती इतक्या लवकर सरली की फसल्यासारखे वाटते, एवढेच यात घडते. पद्यकादंबरीत पान हे लांबीचे माप नसते, हे एकदा मान्य केले की पुढचे बोलणे सोपे जाते.

मात्र काहीच वाचले नाही ही तुमची भावना केवळ हिशेबातून आलेली नाही, आणि तिच्याकडे मी गांभीर्याने पाहतो. या कादंबरीत घडते काय, ते आठवून पाहा. विल नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या थोरल्या भावाला, शॉनला, कुणीतरी गोळ्या घातल्या आहेत. विल भावाची बंदूक कमरेला खोचून सूड घ्यायला निघतो आणि आठव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरतो. लिफ्ट खाली पोहोचेपर्यंत जेमतेम एक मिनिट जाते आणि जवळजवळ सगळी कादंबरी त्या एका मिनिटात घडते. प्रत्येक मजल्यावर दार उघडते आणि एक माणूस आत येतो, जो आधीच मेलेला आहे. आता वेळेचे गणित उलट्या बाजूने मांडा. साठ सेकंदांचा प्रसंग लेखकाने पन्नास मिनिटे वाचनभर ताणला आहे. आपले डोळे धावत असतात, पाने भराभर उलटत असतात, आणि कथा मात्र जवळजवळ जागच्या जागी उभी असते. तुम्हाला जी पोकळी जाणवली ती या दोन वेगांमधल्या अंतराची आहे असे मला वाटते: मुलगा लिफ्टच्या भिंतीला टेकून उभा होता आणि तुम्ही त्याच्या समोरून धावत गेलात.

असे का होते, याचे कारण डोळ्यांच्या हालचालीत आहे. वाचताना आपली नजर ओळीवरून सलग सरकत नाही; ती एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, पुढे उडी मारते, पुन्हा थांबते. गद्याच्या लांब ओळीत अशा सात-आठ उड्या होतात आणि मग नजर डावीकडे परत येते. तीन-चार शब्दांची ओळ मात्र एक-दोन थांब्यांतच उरकते, आणि नजर जवळजवळ सतत खालीच उतरत राहते. यातून वेगाचा भास निर्माण होतो. गद्याच्या सवयीचा वाचक या उताराला लागला की ओळीच्या शेवटी असलेली मोकळी जागा त्याच्या लेखी केवळ कागद उरते. रेनॉल्ड्स यांनी मात्र ती जागा कथेचा भाग म्हणून वापरली आहे. विलच्या वस्तीतले तीन नियम तुम्हाला आठवत असतील: रडायचे नाही, कुणाचे नाव सांगायचे नाही, आणि आपले माणूस मारले गेले तर सूड घ्यायचा. ज्याला रडायची मनाई आहे असा मुलगा आपल्या भावाच्या मृत्यूबद्दल बोलतो आहे. त्याचे वाक्य तीन शब्दांवर का तुटते, आणि पानाचा बाकीचा भाग कोरा का राहतो, हे या पहिल्या नियमाशिवाय समजत नाही. तो जिथे थांबतो तिथे त्याला न परवडणारे रडणे आहे, असे मी ते वाचतो. त्या जागा ओलांडून गेल्यावर हाती उरतो तो केवळ कथेचा सांगाडा, आणि सांगाडा वाचून झाल्यावर काही वाचलेच नाही असे वाटणे स्वाभाविक आहे.

आपण धावलो की नाही हे ओळखण्याची एक साधी खूण सांगतो. या पुस्तकात प्रत्येक कवितेला शीर्षक आहे आणि अनेक ठिकाणी ते शीर्षक म्हणजेच वाक्याचे पहिले शब्द असतात. विल आपली ओळख करून देतो तिथे 'माझे नाव' एवढे शब्द शीर्षकात आहेत आणि नाव त्याखालच्या ओळीत येते. वेगाने वाचणारा माणूस शीर्षकांना मथळे समजून ओलांडतो, आणि मग त्याला वाक्ये मधूनच सुरू झाल्यासारखी वाटतात. तुम्हाला तसे वाटले असेल तर शीर्षके तुमच्या हातून सुटली आहेत. दुसरी खूण अशी की, पुस्तक न उघडता सातव्या मजल्यापासून खाली कोण कोण आत आले ते क्रमाने सांगता येते का, आणि बंदुकीतली एक गोळी कमी आहे हे कोणत्या मजल्यावर कळले ते आठवते का, हे पाहावे. ती गोळी हा सगळ्या पुस्तकाचा कणा आहे. तिचा उल्लेख पहिल्याच सोबत्याच्या वेळी होतो आणि तिचे उत्तर फार खाली मिळते. मधले मजले धावत उतरणाऱ्याला उत्तर मिळते, पण तोवर प्रश्न विसरलेला असतो.

म्हणून माझे म्हणणे असे की हे पुस्तक पुन्हा एकदा वाचा, आणि या वेळी मजल्यामजल्याने वाचा. प्रत्येक नवा माणूस आत आला की त्याचा भाग संपेपर्यंत वाचून पुस्तक मिटा आणि निदान काही मिनिटे दुसरे काही करू नका. ओळीच्या शेवटी मुद्दाम थांबण्याची मात्र गरज नाही, कारण प्रत्येक ओळीला अडखळत वाचले की सगळे कृत्रिम होते आणि मुलाचा आवाज हरवतो. शीर्षक, ओळ आणि कोरी जागा या क्रमाने डोळा जाऊ द्यावा आणि पान उलटण्यापूर्वी ते पूर्ण पाहावे, इतके पुरे. काही पानांवर अगदी मोजके शब्द आहेत. त्या पानाला भरगच्च पानाइतका वेळ द्यावा, ही माझी एकच आग्रहाची सूचना आहे.

आता 'द गोल्डन गेट'. तिथली अडचण नेमकी उलट आहे आणि तिचा उपायही वेगळा आहे.

सेठ स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राच्या संशोधनात असताना त्यांच्या हाती रशियन कवी पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या पद्यकादंबरीचा चार्ल्स जॉन्स्टन यांनी केलेला इंग्रजी पद्यानुवाद आला, आणि त्यातल्या कडव्याचा साचा घेऊन त्यांनी 1980च्या सुमाराच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या तरुण मंडळींची कादंबरी लिहिली. ती 1986 साली प्रसिद्ध झाली. तिची तेरा प्रकरणे आहेत, कडवी 590 आहेत, आणि अर्पणपत्रिका व अनुक्रमणिकाही त्याच साच्यात आहे. केशवसुतांनी मराठीत आणलेल्या सुनीतामुळे चौदा ओळींची रचना आपल्याला परकी नाही, पण पुश्किनचे कडवे नेहमीच्या सुनीतापेक्षा चपळ असते. इंग्रजी सुनीताच्या ओळीत सहसा पाच आघात असतात, इथे चारच. ओळ आखूड झाली की यमक लवकर येते, आणि यमक लवकर आले की त्याचा नाद अधिक ऐकू येतो. तुमच्या कानाला आलेल्या थकव्याचे मूळ इथे आहे. ती चाल गमतीच्या गोष्टीला अगदी सहज साथ देते आणि दुःखाच्या गोष्टीला द्यायला थोडी कुरकुरते, हेही मी मान्य करतो.

पण हा साचा एकसुरी आहे असे म्हणण्यापूर्वी त्याची आतली रचना पाहा, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. चौदा ओळींत यमकाच्या सात जोड्या असतात आणि त्या तीन वेगवेगळ्या रीतींनी लावलेल्या असतात. पहिल्या चार ओळींत एकाआड एक यमक जुळते, म्हणजे कानाला जोडीदारासाठी एक ओळ थांबावे लागते. पुढच्या चारांत लगतच्या ओळी जुळतात, तिथे थांबणे नाही. त्यानंतरच्या चारांत बाहेरच्या दोन ओळी जुळतात आणि आतल्या दोन एकमेकींशी. म्हणजे बाहेरच्या पहिल्या ओळीला आपल्या जोडीदाराची सगळ्यात अधिक वाट पाहावी लागते. आणि शेवटच्या दोन ओळी पुन्हा लगतच जुळतात, त्यामुळे कडवे दार लावल्यासारखे मिटते. कानाची ही वाट पाहणे कडव्यागणिक वाढते, कमी होते, पुन्हा वाढते. हा बदल ज्याला ऐकू येतो त्याला ताल एकसुरी वाटत नाही. ज्याला फक्त शेवटचे मिटणे ऐकू येते त्याला 590 वेळा तेच मिटणे ऐकू येते, आणि मग कंटाळा येणारच.

पहिलेच कडवे समोर घ्या. काव्यदेवतेला घाईत वंदन करून लेखक सांगतो की एकदा, समजा 1980च्या सुमारास, जॉन नावाचा एक माणूस होता. गोष्ट सांगण्याचा जो ठरीव प्रारंभ असतो, तो सेठ यांनी दोन ओळींत फोडला आहे: ओळ मध्येच संपते आणि काळाचा शब्द पुढच्या ओळीवर जाऊन पडतो, त्यामुळे नजर तिथे थांबूच शकत नाही. मग पाचव्या ओळीपासून एक लांब वाक्य सुरू होते. जॉन सव्वीस वर्षांचा आहे, कामात यशस्वी आहे, एकटा आहे. एका संध्याकाळी गोल्डन गेट पार्कमधून चालताना कुणीतरी चुकीची फेकलेली लाल फ्रिस्बी त्याच्या डोक्यावर आदळता आदळता राहते. हे वाक्य आठव्या ओळीवरचा सांधा ओलांडून नवव्या ओळीत संपते, म्हणजे फ्रिस्बी येते तीच मुळी तिसऱ्या गटात, जिथे कानाला सगळ्यात अधिक वाट पाहायची असते. आणि त्या वाट पाहण्याच्या पोटात, दहाव्या-अकराव्या ओळींत, जॉन स्वतःला विचारतो की मी मेलो तर वाईट कुणाला वाटेल, कोण रडेल, आनंद कुणाला होईल. बाराव्या ओळीत यमक पुरे होता होता तो विचार त्याला बोचतो, आणि शेवटच्या दोन ओळींत तो या नकोशा विषयापासून वळून दुसऱ्या, सौम्य विचारांकडे जातो. दार लागते.

गद्याच्या वेगाने वाचले तर या कडव्यातून एका गमतीदार अपघाताची आठवण राहते. ऐकत वाचले तर कळते की कादंबरीभर पुरणारा प्रश्न सर्वांत आत, दोन ओळींच्या कुशीत ठेवलेला आहे आणि त्याच्यावर शेवटच्या जोडीने घाईघाईने झाकण घातले आहे. जॉनचा स्वभावच तसा आहे. तो बोचणाऱ्या गोष्टीपासून वळतो, आणि कडव्याचा साचा त्याला वळायला मदत करतो. म्हणजे माणसे तालात हरवतात असे तुम्ही लिहिले आहे, तिथे मी उलट म्हणेन की जॉनपुरता तरी तो ताल म्हणजेच त्याचे चरित्र आहे. तुम्ही अजून शेवटाकडे पोहोचला नाहीत, म्हणून पुढचे सांगत नाही. फक्त तो पहिला प्रश्न मनात धरून ठेवा, कारण तेराव्या प्रकरणात तो फार वेगळ्या वजनाने परत येतो.

मग वाचायचे कसे? मोठ्याने, आणि ओळीच्या शेवटी न थांबता. आवाजाने थांबायचे ते पूर्णविरामाला आणि स्वल्पविरामाला. यमकावर जोर देऊ नये, ते आपोआप ऐकू येते. शाळेत कविता पाठ म्हणताना आपण प्रत्येक ओळीच्या अखेरीला सूर चढवतो आणि तीच सवय इथे घात करते. लेखकाने वाक्य ओळीपलीकडे नेले असेल तर तुम्हीही त्याच्याबरोबर जा. एक प्रकरण सरासरीने पंचेचाळीस कडव्यांचे पडते आणि एका कडव्यात नव्वदच्या आत-बाहेर शब्द असतात, म्हणजे आवाजात वाचायला साधारण अर्धा तास लागतो. एका बैठकीत एक प्रकरण, त्याहून अधिक नको. तुम्ही महिनाभर दिवसाला पाच-सहा कडवी असे तुकडे केले असतील तर दर वेळी ताल नव्याने पकडावा लागला असेल, आणि तो पकडेपर्यंतच बैठक संपली असेल. हेही थकव्याचे कारण असू शकते.

मराठी वाचकाला हा वेग खरे तर अनोळखी नाही. ज्या घरांत शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज वाचला जातो, तिथे पद्यातली लांब कथा एका बैठकीला ठरावीक भाग, आवाजात आणि घाई न करता कशी वाचतात, हे लहानपणापासून ऐकलेले असते. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असते आणि चौथा आखूड चरण यमकाशिवाय मोकळा सुटतो. प्रत्येक ओवी तिथे क्षणभर टेकते, पण कथा त्यामुळे अडत नाही, कारण वाचणाऱ्याचे लक्ष पुढच्या ओवीकडे लागलेले असते. तोच सराव सेठ यांच्या कडव्यांना लावा. श्रीधरांची ओवी आणि सॅन फ्रान्सिस्कोतली फ्रिस्बी यांचा परस्पर संबंध नाही, पण ऐकत वाचण्याचा जो अभ्यास आपल्याकडे आहे तो इथे कामी येतो.

पाचव्या प्रकरणाच्या सुरुवातीला, म्हणजे तुम्ही थांबलात त्याच्या लगेच पुढे, लेखक कथा बाजूला ठेवून वाचकाशी बोलतो. एका मेजवानीत एक संपादक त्याला पुढच्या पुस्तकाबद्दल विचारतो, कादंबरी म्हटल्यावर खूश होतो आणि ती पद्यात आहे हे ऐकून पिवळा पडतो. मग सेठ आपण हाच साचा का निवडला त्याची बाजू मांडतात. तुमच्या मनातला आक्षेप त्यांनी आधीच ओळखला होता. ती पाने आधी वाचून मग मागच्या चार प्रकरणांतले एखादे पुन्हा वाचले, तरी चालेल.

या साच्याला मर्यादा आहे, आणि गटात ती मोकळेपणाने बोलावी असे मला वाटते. दर चौदा ओळींनी कडवे मिटणार हे ठरलेले असेल, तर जी भावना मिटायला तयार नसते तिचे काय करायचे? पुश्किनने याचे एक सुंदर उत्तर दिले होते. तिसऱ्या प्रकरणात तात्याना ओनेगिनला पत्र लिहिते आणि ते पत्र कडव्यांच्या साच्यात नाही; ते सलग वाहते. ओनेगिनच्या पत्राचेही पुढे तसेच. कादंबरीभर नीट मिटणाऱ्या कडव्यांची सवय झालेल्या वाचकाला तिथे अचानक टेकायला जागा मिळत नाही, आणि मुलीची घालमेल त्याच्या श्वासात उतरते. शिवाय काही कडव्यांचे नुसते क्रमांक छापून खाली जागा रिकामी ठेवली आहे, तिथे वाचक काय नाही याचा विचार करत क्षणभर उभा राहतो. हे पुस्तक लिहायला घेतले त्या वर्षी, 1823 साली, पुश्किनने एका मित्राला कळवले होते की आपण कादंबरी लिहीत नसून पद्यातली कादंबरी लिहीत आहोत आणि या दोहोंत प्रचंड फरक आहे. सेठ यांनी साचा पुश्किनहूनही काटेकोरपणे पाळला आहे आणि माझ्या मते शेवटच्या प्रकरणात त्याची किंमत त्यांना मोजावी लागते. काही ठिकाणी दुःखापेक्षा कारागिरी आधी जाणवते. पण काही ठिकाणी उलटेही होते, म्हणजे हलकीफुलकी चाल तशीच राहते आणि आतला मजकूर जड होतो, आणि त्या विसंगतीनेच गलबलून येते. तुमचा अनुभव या दोहोंपैकी कोणता होतो ते शेवटाला पोहोचल्यावर पाहा.

गटात कुणी असे म्हणेल की अलीकडच्या आखूड परिच्छेदांच्या कादंबऱ्याही अशाच असतात. त्यांचा वेग या दोहोंहून वेगळा असतो. जेनी ऑफिल यांची 2014 सालची 'डिपार्टमेंट ऑफ स्पेक्युलेशन' घ्या. तिथे वाक्ये पूर्ण असतात आणि परिच्छेदही पूर्ण असतो; रिकामी जागा दोन परिच्छेदांच्या मध्ये असते आणि मधला दुवा वाचकाने जुळवायचा असतो. पद्यात मोकळी जागा वाक्याला मध्येच थांबवते, या तुकड्यांत ती विचार पुरा झाल्यानंतर येते. त्यामुळे इथे प्रत्येक तुकड्यानंतर थांबणे योग्य ठरते, जे सेठ यांच्या बाबतीत घातक ठरते. या पुस्तकात निवेदिका बराच काळ 'मी' म्हणून बोलते आणि लग्नाला तडा गेल्यावर स्वतःचाच उल्लेख 'बायको' असा तिसऱ्या पुरुषात करू लागते. तो बदल कुणी जाहीर करत नाही. धावणाऱ्या वाचकाला तो काही पानांनंतर लक्षात येतो, आणि तोवर ती बाई स्वतःपासून किती दूर गेली आहे ते निसटलेले असते.

आणि आता फोन. तुमच्या तक्रारीतला मोठा वाटा त्याचा आहे असे मला वाटते. फोनवरच्या पुस्तकात अक्षर मोठे केले की पद्याची ओळ पडद्यावर मावत नाही, तिचे शेवटचे एक-दोन शब्द खाली जातात आणि लेखकाने न केलेली ओळ तयार होते. सेठ यांच्या बाबतीत यमकाचा शब्द असा एकटा खाली पडला की त्याचा नाद दुप्पट होतो, आणि कडव्याच्या चौदा ओळी एका नजरेत कधीच दिसत नाहीत. रेनॉल्ड्स यांच्या बाबतीत उलट नुकसान होते: पानभर पसरलेली कोरी जागा पडद्यावर आक्रसते आणि बोटाच्या एका सरकवण्याने निघून जाते. शक्य असेल तर दोन्ही पुस्तके छापील प्रतीत वाचा. फोनवरच वाचायचे असेल तर तो आडवा धरा आणि अक्षर इतके लहान करा की सेठ यांच्या सर्वांत लांब ओळीचा शेवटचा शब्द त्याच ओळीत राहील. कडव्यातल्या ओळी मोजाव्या. त्या चौदा भरल्या तर मांडणी ठीक आहे, सोळा-सतरा भरल्या तर यंत्र तुमच्यासाठी वेगळे पुस्तक लिहिते आहे असे समजावे.

गटासाठी माझी सूचना अशी आहे की मत सांगण्याआधी वाचून दाखवा. 'द गोल्डन गेट'चे पहिले कडवे एकाने ओळीओळीला थांबत वाचावे आणि दुसऱ्याने विरामचिन्हांप्रमाणे वाचावे. जॉनचा प्रश्न कोणत्या वाचनात ऐकू आला हे बाकीच्यांनी सांगावे. त्यानंतर 'लाँग वे डाउन'मधला एक मजला कुणीतरी गद्य असल्यासारखा सलग वाचावा आणि मग पानावर जसा आहे तसा वाचावा. काय हरवते त्यावर अर्धा तास सहज बोलता येईल, आणि तुमचा 'काही वाचलेच नाही' हा अनुभव त्या चर्चेत सांगण्यासारखा आहे, लपवण्यासारखा नाही.

भाच्याला 'लाँग वे डाउन' द्यावे. ते किशोरवयीन वाचकांसाठीच लिहिलेले आहे, आणि भरगच्च पान पाहून ज्याचा धीर सुटतो त्याला दर काही सेकंदांनी पान उलटल्याचे समाधान मिळते. मात्र देण्यापूर्वी त्याच्या आईवडिलांना विषय सांगा, कारण यात बंदूक आहे, घरातल्या माणसांचे मृत्यू आहेत आणि एका लहान मुलीचाही मृत्यू आहे. इंग्रजी बोलीतली आहे, पुस्तकी नाही, त्यामुळे पहिली दहा-बारा पाने तुम्ही दोघांनी मिळून वाचलेली बरी. तो तासाभरात संपवेल, तेव्हा किती लवकर संपवलेस असे कौतुक करू नका. शेवटच्या पानावर विलला एक प्रश्न विचारला जातो आणि पुस्तक तिथेच थांबते. तो लिफ्टबाहेर पडला असेल का, एवढेच त्याला विचारा, आणि त्याला उत्तर शोधायला पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटले तर कोणत्या मजल्यावर उघडतो ते पाहा.